यंत्राने केलेलं श्लोकाचं भाषांतर व्याकरणाने कसं तपासायचं?

प्रश्न: आमच्या वाचनगटासाठी मी गीतेचे श्लोक भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाकून मराठी अर्थ ग्रुपवर पाठवतो. शाळेत तीन वर्षं संस्कृत होतं, शब्दरूपं-धातुरूपं बऱ्यापैकी आठवतात. अर्थ वाचायला छान वाटतो, पण बरोबर आहे का ते कसं कळणार? उदाहरणार्थ ६.६ चं मला असं मिळालं: "आत्मा त्या आत्म्याचा मित्र आहे ज्याने आत्म्यावर विजय मिळवला आहे, पण आत्मा नसलेल्या व्यक्तीसाठी आत्मा शत्रूप्रमाणे शत्रुत्वात राहतो." यात चूक आहे का, आणि असेल तर मला ती कशी सापडली असती?

उत्तर:

चुका आहेत, आणि शाळेतल्या तीन वर्षांच्या जोरावर तुम्हाला त्या सापडल्या असत्या. अडचण ज्ञानाची नाही, वाचायच्या पद्धतीची आहे. आपण आधी मराठी वाक्य वाचतो, ते सुरळीत लागलं की मान डोलावतो आणि मग श्लोकाकडे नजर टाकतो. तेव्हा डोळ्यांना श्लोकातही तोच अर्थ दिसू लागतो. हल्लीची यंत्रं मोडकं वाक्य फारसं देत नाहीत. त्यांची चूक गुळगुळीत असते, म्हणून "अर्थ लागतो का" हा प्रश्न तपासणीला निरुपयोगी. विचारायचं ते एवढंच: श्लोकातलं प्रत्येक पद मराठीत कुठे गेलं, आणि मराठीतला प्रत्येक शब्द श्लोकातल्या कुठल्या पदातून आला? मी भाषांतरं तपासते तेव्हा हा जमाखर्च कागदावर मांडते. मनातल्या मनात केला की एखादी रक्कम हमखास सुटते.

यात एक मेख आहे. "कर्मण्येवाधिकारस्ते" सारख्या गाजलेल्या श्लोकांचे अर्थ यंत्राने असंख्य ठिकाणी वाचलेले असतात, त्यामुळे तिथे ते श्लोक सोडवतच नाही, आठवलेलं सांगतं. हे ओळखायची खूण म्हणजे श्लोकात नसलेले शब्द. श्लोकात संबोधन नसताना "हे अर्जुना" आलं, "ज्ञानी पुरुष" आला, "भगवंत म्हणतात" आलं, की समजायचं, कुणाचं तरी विवरण उतरलंय. ते चूक असेलच असं नाही, पण ते त्या श्लोकाचं भाषांतर नव्हे. गंमत अशी की शेजारच्या, कमी गाजलेल्या श्लोकावर तेच यंत्र अडखळतं. ६.५ (उद्धरेदात्मनात्मानं) सगळ्यांना पाठ असतो, ६.६ तितका नसतो. तुमचं उदाहरण नेमकं तिथलं आहे, म्हणून तेच पूर्ण सोडवू.

बन्धुरात्मात्मनस्तस्य येनात्मैवात्मना जितः ।
अनात्मनस्तु शत्रुत्वे वर्तेतात्मैव शत्रुवत् ॥

पहिलं काम पदच्छेद. भाषांतराकडे न बघता पदं सुटी करून लिहा:

बन्धुः, आत्मा, आत्मनः, तस्य, येन, आत्मा, एव, आत्मना, जितः । अनात्मनः, तु, शत्रुत्वे, वर्तेत, आत्मा, एव, शत्रुवत् ॥

सोळा पदं झाली. आता प्रत्येकासमोर विभक्ती आणि वचन. आत्मा प्रथमा, आत्मना तृतीया, आत्मनः इथे षष्ठी. ही तीन रूपं इतक्या जवळजवळ आलीत की शब्द ओळखून काहीच साधत नाही, शेवटच्या अक्षरांवरच सगळं अवलंबून आहे. यंत्राची गाडी अशाच ठिकाणी घसरते, कारण एका शब्दाला एक अर्थ चिकटवून पुढे जायची त्याची ओढ असते. तुमच्या भाषांतरात पाचही जागी "आत्मा" येतो तो त्यामुळे. संस्कृतात आत्मन् हा शब्द "स्वतः" या अर्थाने सर्रास येतो, आणि एकाच वाक्यात तो प्रथमा, तृतीया, षष्ठी अशा रूपांत एकमेकांशी जोडून आला की बहुतेक वेळा "स्वतः"च म्हणायचं असतं. मराठीत "आत्मा" म्हटलं की देह सोडून जाणारी वस्तू डोळ्यांपुढे येते, आणि मग "आत्म्याने आत्म्याला जिंकलं" हे गूढ वाटायला लागतं. मुळात ते गूढ नाही.

आता क्रियापद शोधा. पहिल्या ओळीत क्रियापदच नाही. त्याच्या जागी जितः आहे, शाळेतलं क.भू.धा.वि., म्हणजे कर्मणि भूतकालवाचक धातुसाधित विशेषण. ते दिसलं की दोन प्रश्न विचारायचे: त्याच्याशी लिंग-वचन-विभक्तीने जुळणारं कोण, आणि तृतीयेत कोण? जितः पुल्लिंगी प्रथमा एकवचन, येनच्या वाक्यात त्याच्याशी जुळतो तो आत्मा. म्हणजे जिंकला गेलेला तो. तृतीयेत दोघं आहेत, येन आणि आत्मना. येन हा कर्ता, "ज्याने". आत्मना हे साधन, "स्वतःच्या बळावर".

इथे मराठी माणसाला एक फायदा आहे, जो इंग्रजीतून वाचणाऱ्याला नाही. "ज्याने गड जिंकला" हे आपलं साधं वाक्य घ्या. "ज्याने" तृतीया, "गड" प्रथमा, "जिंकला" गडाप्रमाणे. संस्कृतातली येन-आत्मा-जितः ही रचना हुबेहूब तीच. मधे इंग्रजी आलं की "who has conquered" असा कर्तरी प्रयोग होतो आणि तृतीयेतली दोन पदं एकमेकांत मिसळून जातात. बऱ्याच यंत्रांत संस्कृत ते मराठी हा प्रवास इंग्रजीवरून होतो, त्यामुळे क.भू.धा.वि. असलेल्या ओळी मी कायम जास्त बारकाईने बघते.

आता तुमच्या भाषांतराचा जमाखर्च मांडू. बन्धुः "मित्र" मध्ये गेला, तस्य "त्या" मध्ये, येन "ज्याने" मध्ये, जितः "विजय मिळवला" मध्ये. आत्मना कुठे आहे? कुठेच नाही. पहिला एव? नाही. दुसऱ्या ओळीतला एव? तोही नाही. सोळातली तीन पदं गळाली, आणि तरीही वाक्य वाचताना काही सुटल्यासारखं वाटलं नाही. एव गळणं ही यंत्राची अगदी ठरलेली सवय आहे. मराठीत त्याला आयता "च" आहे, पण तो मधल्या भाषेत विरून जातो. नियम सोपा: एव ज्या पदाच्या लगेच नंतर असेल, त्या पदाला "च" लागतो. इथे दोन्ही वेळा तो आत्माच्या नंतर आहे, म्हणून दोन्हीकडे "स्वतःच" हवं.

दुसऱ्या ओळीतला "आत्मा नसलेल्या व्यक्तीसाठी" हा वेगळ्या जातीचा घोटाळा आहे. अनात्मनः हा बहुव्रीही. समास सुटा केला की "आत्मा नाही ज्याला" असं शब्दशः निघतं खरं, पण पहिल्या ओळीत "ज्याने जिंकला तो" आणि दुसरीत "तु", म्हणजे "पण", असा विरोध मांडलाय. त्यामुळे हा "ज्याने स्वतःला जिंकलेलं नाही तो". शंकराचार्यांनीही अनात्मनः म्हणजे अजितात्मनः असंच केलंय. सांगायचा मुद्दा हा की इथे विभक्ती पुरत नाही. अनात्मनः हे रूप पंचमी, षष्ठी आणि द्वितीया बहुवचन असं तिन्ही होऊ शकतं. द्वितीया बाद, कारण वर्तेत अकर्मक आहे. उरलेल्या दोघांत षष्ठी घ्यायची, कारण वर त्याच्या जोडीला तस्य आहे.

राहिलं वर्तेत. हा विध्यर्थ, तृतीय पुरुष एकवचन. वर्तमानकाळ असता तर वर्तते झाला असता, आणि तो याच अध्यायात ६.३१ मध्ये आहेसुद्धा: स योगी मयि वर्तते. दोन्ही रूपांत फरक एका मात्रेच्या जागेचा. स्कॅन केलेल्या मजकुरात ही मात्रा सहज इकडची तिकडे होते, म्हणून श्लोक यंत्रात टाकण्याआधी छापील प्रतीशी ताडून बघा. तुमच्या भाषांतरातलं "राहतो" हे वर्तते वाचल्यासारखं आहे. "वागेल" जास्त जवळचं.

सगळं जोडून मी असं लिहीन: "ज्याने स्वतःच्या बळावर स्वतःलाच जिंकलं, त्याचा तो स्वतः स्वतःचा बंधू; पण ज्याने स्वतःला जिंकलेलं नाही, त्याच्याशी तो स्वतःच शत्रूसारखा वैराने वागेल." हे काही सुंदर मराठी नाही. पण सोळा पदांचा हिशोब लागतो. सुंदर नंतर करता येतं.

एक जागा मी मुद्दाम सोडली होती. तस्य आणि आत्मनः दोन्ही षष्ठी एकवचन. ती जोडून "त्या आत्म्याचा" म्हणायचं, की तस्य म्हणजे "त्या माणसाचा" आणि आत्मनः म्हणजे "स्वतःचा" असं वेगळं घ्यायचं? व्याकरणाला दोन्ही चालतं. तुमच्या यंत्राने पहिलं घेतलं, मी दुसरं घेतलं. ही चूक धरायची नाही.

आता ६.६ मध्ये न दिसलेली, पण माझ्या मते सगळ्यात घातक चूक सांगते: हरवलेला नकार. संस्कृतातला नकार पुष्कळदा एका अ वर उभा असतो, आणि संधीत तो अ दिसेनासा होतो. ६.१० ची दुसरी ओळ घ्या:

एकाकी यतचित्तात्मा निराशीरपरिग्रहः ॥

"परिग्रह करणारा" आणि "निराश" असे दोन्ही अर्थ या ओळीखाली आलेले मी पाहिलेत. दुसऱ्या शब्दात अ आहे की नाही, हे ठरवायला कोश लागत नाही. निराशीः च्या विसर्गाचं काय झालं ते बघा. पुढे परिग्रहः असता तर प हे कठोर व्यंजन, म्हणजे विसर्ग तसाच राहून निराशीः परिग्रहः झालं असतं. इथे विसर्गाचा र झालाय आणि तो र पूर्ण आहे. म्हणजे पुढे स्वर होता, आणि तो अ होता. तो र हाच पुरावा. "निराश"चंही तसंच. निराश हा अकारांत शब्द असता तर निराशः चं निराशोऽपरिग्रहः झालं असतं. इथे मूळ शब्द निराशिस्, म्हणजे कसली इच्छा न बाळगणारा. हताश माणसाचा इथे संबंध नाही.

म्हणून मी पदच्छेदात सगळे अ पेन्सिलीने गोल करते. ऽ असेल तिथे तर करतेच, पण पूर्ण र, य, व आणि म जिथे शब्दांच्या सांध्यावर येतात तिथेही करते. मात्र प्रत्येक अ नकाराचा नसतो. २.४७ च्या शेवटच्या चरणात हे छान दिसतं:

मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि

इथे ऽ उठून दिसतो, पण तो अस्तु या क्रियापदाचा अ आहे, नकाराशी त्याचा संबंध नाही. खरा नकार पुढे दडलाय. अस्तु + अकर्मणि, उ चा व झाला आणि त्व मध्ये अ मिसळून गेला. पुढे नुसतं कर्मणि असतं तर अस्तु कर्मणि असंच राहिलं असतं. यंत्राने "तुझी कर्मात आसक्ती नसो" असं दिलं तर वाचणाऱ्याला ते गीतेला शोभेसंच वाटेल. श्लोक मात्र म्हणतो की कर्म न करण्यात तुला आसक्ती नसो. बरोबर उलट, आणि दोन्ही वाक्यं तितकीच "आध्यात्मिक". (ही ओळ गाजलेली असल्याने यंत्र सहसा बरोबर सांगतं. पण तीच रचना एखाद्या अनोळखी स्तोत्रात आली की बघा.) ऽ बद्दल अजून एक: इंटरनेटवरून श्लोक उचलताना तो बऱ्याचदा गळतो आणि क्रोधोऽभिजायते चं क्रोधोभिजायते होतं. अनुभवी वाचक सावरून घेतो, यंत्र घेईलच असं नाही.

विसर्ग गळण्याचंही असंच. ३.१३ चा उत्तरार्ध:

भुञ्जते ते त्वघं पापा ये पचन्त्यात्मकारणात् ॥

याचं "जे स्वतःसाठी शिजवतात ते पाप खातात" असं भाषांतर बहुतेक ठिकाणी मिळेल. वाचायला ठणठणीत. जमाखर्च मांडा: "पाप" हा एक शब्द आणि श्लोकात अघम् आणि पापा ही दोन पदं. एक शिल्लक राहिलं! पापा म्हणजे नेमकं काय? पाप हा नपुंसकलिंगी शब्द असता तर बहुवचन पापानि झालं असतं. पुढे ये आहे, म्हणून पापाः चा विसर्ग गळून पापा उरलं. हे पुल्लिंगी प्रथमा बहुवचन, ते आणि ये यांच्याशी जुळणारं: "पापी लोक". खाल्लं जातं ते अघम्, द्वितीया. म्हणजे "जे स्वतःसाठीच शिजवतात ते पापी पापच खातात." (इथला "च" माझा आहे, श्लोकात एव नाही. जमाखर्चात तो माझ्या नावावर टाकावा लागेल.) आणि त्वघं मधल्या अ वर नकाराचा संशय घेऊ नका, अघ हा अख्खा शब्द आहे. भुञ्जते च्या शेवटी ते दिसतं म्हणून ते एकवचन समजू नका, एकवचन भुङ्क्ते होतं.

तिसरी जात खास आपल्या वाट्याला येते. मराठीत जसेच्या तसे आलेले, पण अर्थ सरकलेले शब्द. यंत्र संस्कृत शब्द मराठीत तसाच ठेवून देतं, आणि आपल्याला तो ओळखीचा वाटतो म्हणून आपण थांबत नाही. ६.१६ मध्ये असे दोन आहेत:

नात्यश्नतस्तु योगोऽस्ति न चैकान्तमनश्नतः ।
न चातिस्वप्नशीलस्य जाग्रतो नैव चार्जुन ॥

"एकांतात न खाणाऱ्याला" आणि "फार स्वप्नं बघणाऱ्याला" योग साधत नाही, असं वाचलं तर मराठी कान अडखळत नाही. पण विभक्ती बघा. एकांत ही जागा असती तर सप्तमी हवी होती, एकान्ते. इथे एकान्तम् आहे आणि ते अनश्नतः च्या आधी क्रियाविशेषणासारखं आलंय: "मुळीच न खाणाऱ्याला". पहिल्या अर्ध्यातल्या अति-अश्नतः शी त्याचा तोल बसतो, एकीकडे अति खाणं, दुसरीकडे अजिबात न खाणं. एकांतवासाचा उल्लेख हवा असेल तर तो याच अध्यायात ६.१० मध्ये आहे, आणि तिथे शब्द आहे रहसि, सप्तमीच. स्वप्न म्हणजे इथे झोप. हे मात्र विभक्तीने कळत नाही. कळतं ते पुढच्या जाग्रतः मुळे, कारण जागण्याच्या विरुद्ध झोपणं येतं. अश्नतः, अनश्नतः, जाग्रतः ही सगळी वर्तमानकालवाचक धातुसाधितं षष्ठीत आहेत, "खाणाऱ्याचा, न खाणाऱ्याचा, जागणाऱ्याचा योग होत नाही". मराठीत तिथे "ला" बसतो आणि तो बदल योग्यच. षष्ठीच्या जागी चतुर्थी दिसली म्हणून लगेच लाल पेन काढू नका.

अशा शब्दांची स्वतःची एक वही ठेवली तर फार सोयीचं जातं. माझ्या वहीत सन्तः आहे (३.१३ च्याच पूर्वार्धातला, इथे "सज्जन", वारकरी संत नव्हे), भाव आहे, अंत आहे. नवीन भर हळूहळू पडते, कारण तेच ते शब्द फिरून येतात.

ऑनलाइन साधनांचा उपयोग होतो, पण क्रम सांभाळून. हैदराबाद विद्यापीठाची "संसाधनी" आणि फ्रान्समधल्या इन्रिया संस्थेत झेरार युए यांनी उभं केलेलं "संस्कृत हेरिटेज", दोन्ही ठिकाणी संधी सोडवून मिळतो आणि रूपं ओळखता येतात. ही भाषांतराची यंत्रं नव्हेत, व्याकरणाच्या नियमांवर चालणारी साधनं आहेत. त्यामुळे ती एक उत्तर ठासून सांगत नाहीत, शक्य ते सगळे तुकडे समोर ठेवतात. स्वरसंधींनी भरलेल्या ओळीला इतके पर्याय येतात की नवखा माणूस गांगरतो. म्हणून आधी स्वतः पदच्छेद करा, मग तुमचा पर्याय त्यांच्या यादीत आहे का ते बघा. नसेल तर तुमचं चुकलंय असं धरून परत बसा. त्याहून सोपा ताळा म्हणजे भाष्य. शांकरभाष्यात श्लोकातली पदं एकेक करून पुढे अर्थ दिलेला असतो, म्हणजे पदच्छेद आयताच मिळतो. आयआयटी कानपूरच्या "गीता सुपरसाइट"वर भाष्यांचा मजकूर वाचता येतो.

आता मर्यादा. व्याकरण चुकीचे अर्थ बाद करतं, उरलेल्यांतून निवड करून देत नाही. २.१६ वर हे स्वच्छ दिसतं:

नासतो विद्यते भावो नाभावो विद्यते सतः ।
उभयोरपि दृष्टोऽन्तस्त्वनयोस्तत्त्वदर्शिभिः ॥

दुसऱ्या ओळीत व्याकरण झकास काम करतं. अन्तस्त्व मध्ये अन्तः आहे, पण तो "शेवट, निर्णय" या अर्थाचा नाम अन्तः की "आत" या अर्थाचं अव्यय? दोन्हींचा पुढे त आल्यावर संधी सारखाच होतो, अन्तस्त. पण दृष्टः ला पुल्लिंगी प्रथमा हवीय, आणि अव्यय ती देऊ शकत नाही. म्हणून "आत पाहिलं" बाद. तत्त्वदर्शिभिः तृतीया, म्हणजे कर्ता: "तत्त्वदर्शींनी या दोहोंचाही निर्णय पाहिला आहे." उभयोः आणि अनयोः द्विवचन, भाषांतरात "या सर्वांचा" आलं तर चूक. विद्यते म्हणजे "असतो". "जाणतो" साठी वेत्ति झालं असतं.

पहिल्या ओळीत मात्र हात टेकावे लागतात. बहुतेक सगळे "असताला भाव नाही" असं वाचतात, विद्यते भावः. मध्वाचार्य तिथे विद्यतेऽभावः असं घेतात: असताचाही अभाव नाही, असत् म्हणजे त्यांच्या मते अव्यक्त प्रकृती. ऽ चा उच्चार होत नाही, त्यामुळे म्हणून दाखवलेल्या ओळीत दोन्ही वाचनं एकच ऐकू येतात, आणि संधीचे नियम दोघांनाही मोकळीक देतात. विभक्त्या दोन्हीकडे जुळतात. इथे यंत्राने कुठलंही एक दिलं तरी व्याकरणाची चूक दाखवता येणार नाही. मग तुमचा गट कुठल्या भाष्याने वाचतो, ते ठरवून तसं लिहायचं. जमलं तर दुसरं वाचनही खाली एका ओळीत द्यायचं.

शिवाय गीता स्वतः पाणिनीच्या काटेकोर चौकटीत दर वेळी बसत नाही. ११.४१ मधलं "हे सखेति" बघा. सखे + इति चा संधी नियमाने सख इति व्हायला हवा, पण श्लोकात सखेति आहे. याला आर्ष म्हणतात आणि तसंच सोडतात. त्यामुळे एखादं रूप नियमात बसलं नाही तर लगेच छापील प्रत चुकली असं म्हणू नका, आधी भाष्य बघा. उपनिषदांच्या जुन्या भागांत असं जास्त सापडतं. वेदमंत्रांसाठी तर ही पद्धत अपुरीच आहे. तिथे स्वर बघितल्याशिवाय काही जागी समास कुठला हेही ठरत नाही, आणि लौकिक संस्कृतात न उरलेली क्रियापदांची रूपं येतात. ऋचेचं यंत्राने केलेलं भाषांतर मी तरी स्वतः तपासून पुढे पाठवत नाही, वैदिक व्याकरण जाणणाऱ्याकडे देते.

वेळेचं विचाराल तर सुरुवातीला एका श्लोकाला अर्धा तास सहज जाईल, आणि रोज एकापेक्षा जास्त घेऊ नका. घाई असेल त्या दिवशी निदान तीन गोष्टी बघून मग पाठवा: सगळे नकार जागेवर आहेत का, क.भू.धा.वि. असेल तर तृतीयेतला कर्ता बरोबर धरलाय का, आणि एव, अपि, तु यांतलं काही गळलंय का. ग्रुपवर अर्थाच्या वर पदच्छेदाची ओळ द्यायला लागा. तुमच्या गटात आणखी कुणीतरी शाळेत संस्कृत घेतलेलं असणारच. चूक राहिली असेल तर अर्थ वाचून नाही, पण ती ओळ वाचून ते तुम्हाला सांगतील.